मिक्स्ड ॲक्शन तपासायची तर फोन वर टांगा

"मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान टाकतो. सर म्हणाले ॲक्शन मिक्स्ड आहे, पाठीला त्रास होईल. समोरून व्हिडिओ काढून फ्रेम-फ्रेम पाहिला, पण काही कळलं नाही. नेमकं काय बघू?"

समोरून ते दिसणं अवघडच आहे. छाती पूर्ण फलंदाजाकडे असताना खांदे २० अंश वळले, तरी समोरून त्यांची रुंदी जेमतेम ६ टक्के कमी दिसते. आणि आपल्याला हवंय ते नेमकं हेच वळण. मिक्स्ड ॲक्शनमध्ये मागचा पाय टेकताना खांदे उघडे, म्हणजे छाती फलंदाजाकडे असते, मग पुढचा पाय टेकेपर्यंत ते उलटे फिरून साइड-ऑन होतात, म्हणजे डावा खांदा फलंदाजाकडे येतो, आणि कंबर मात्र तशी फिरत नाही. हा पीळ कमरेच्या मणक्यावर येतो. खांद्यांचं हे उलट वळण साधारण ३० अंशांपुढे गेलं की मी काळजी करतो.

म्हणून वरून चित्रण करा. आमच्याकडे सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली मॅट टाकून क्रीज आखतो आणि फोन काठीला घट्ट बांधून थेट क्रीजवर येईल असा बाहेर काढतो. दोन पाय टेकण्यामधला वेळ सेकंदाच्या सहाव्या भागाइतका असतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या चित्रणात त्याची पाचच चित्रं मिळतात, २४० च्या स्लो-मोशनमध्ये चाळीसेक. कडक ऊन हवं, नाहीतर खांदा पुसट येतो. फाइल केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवली की फ्रेम गळतात.

दोन्ही खांद्यांच्या टोकांवर पांढरी टेप लावा, टी-शर्ट घट्ट असू द्या. Kinovea मोफत आहे, त्यात एकेक फ्रेम पुढे नेऊन कोन आखता येतो. पाय नेमका कधी टेकला हे वरून कळत नाही, तेव्हा बूट आणि त्याची सावली जिथे भेटते ती फ्रेम धरा.

गेल्या मोसमात एका मुलाचं असं मोजलं. क्रीजच्या रेषेशी खांद्यांचा कोन मागचा पाय टेकताना २५ अंश होता, पुढचा टेकण्याच्या जरा आधी ६८. म्हणजे ४३ अंशांचं उलट वळण. एका चेंडूवर विसंबू नका. सहा चेंडूंत त्याचे आकडे ३८ ते ४५ आले, आणि हाताने रेष आखण्यात चार-पाच अंश इकडेतिकडे होतातच.

कारण मधल्या फ्रेममध्ये सापडलं. त्याचा डावा हात फलंदाजाकडे जाण्याऐवजी छातीसमोरून उजवीकडे ओढला जात होता आणि खांदे त्याच्यामागून फिरत होते. मागचा पाय मुळातच फलंदाजाकडे रोखलेला, म्हणून आम्ही त्याला साइड-ऑन करायच्या फंदात पडलो नाही. फक्त डावा हात सरळ वर, फलंदाजाच्या दिशेने. आधी उभ्याने, मग चालत, मग पाच पावलांवरून. आठ आठवड्यांनी त्याच गॅलरीतून मोजलं तेव्हा २६ आले. पूर्ण रनअपवर मात्र जुनी सवय मधूनच डोकावत होती, त्यामुळे चित्रण दर महिन्याला चालू ठेवलं.

एक मात्र आधी विचारा: डाव्या पायावर उभं राहून मागे वाकताना त्याची कंबर एका बाजूला दुखते का? दुखत असेल तर गोलंदाजी आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एमआरआयबद्दल विचारा.