ताळा आणि पडताळणी

प्रश्न : «ऑडिटच्या अभ्यासात 'अ‍ॅनालिटिकल प्रोसिजर्स' नावाचा भाग आहे. प्लॅनिंगच्या वेळी आणि शेवटच्या रिव्ह्यूत रेशो आणि ट्रेंड बघून काही खटकतंय का ते शोधायचं. आमचे सर याला 'विश्लेषणात्मक पडताळणी' म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?»

नाही. 'विश्लेषणात्मक'बद्दल माझी तक्रार नाही, 'पडताळणी'बद्दल आहे. हल्ली कुठल्याही तपासणीला पडताळणी म्हणायची सवय लागली आहे. आज पडताळणी म्हणजे हातातला कागद दुसऱ्या कागदाशी लावून बघणं: बिल आणि नोंद, पासबुक आणि रोकडवही. ऑडिटवाले त्याला व्हाउचिंग म्हणतात. तुम्ही विचारता त्या कामात एकही बिल उघडत नाहीत. त्याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो शाळेत सगळ्यांनी वापरलेला आहे: ताळा.

नऊचा ताळा आठवा. 47 गुणिले 23 बरोबर 1081. ताळा घेताना गुणाकार पुन्हा करत नाहीत. 47 च्या अंकांची बेरीज 11, म्हणजे 2; 23 ची 5; दोन पाचे 10, म्हणजे 1. उत्तराच्या अंकांची बेरीज 10, म्हणजे 1. जुळलं. मूळ आकडेमोडीला हात न लावता वेगळ्या वाटेने जाऊन उत्तर संभवतं का, एवढंच बघितलं.

आता 'पडताळा'. यातला 'पड' म्हणजे संस्कृत 'प्रति', प्राकृतातून आलेला. पडसाद, पडछाया, पडजीभ या शब्दांत तोच आहे. म्हणून माझ्या मते पडताळा म्हणजे प्रति-ताळा, ताळ्याला समोरून दिलेला ताळा. आणि 'ताळा' हा 'ताल'चा, दोन तळहात एकमेकांवर येण्याचा. ताळमेळ, ताळतंत्र, ताळ्यावर येणं, सगळीकडे दोन गोष्टी एका मापात बसण्याचाच अर्थ आहे. ताळेबंदही त्यातलाच. ताळेबंदाचा संबंध टाळ्याशी, म्हणजे कुलपाशी जोडून 'वर्षाची खाती कुलूपबंद' असा अर्थ लावणाऱ्यांनी एकदा ताळेबंद उघडून बघावा. त्यात दोन बाजू जुळवतात, कुलूप कशालाच घालत नाहीत. हिंदी कोशकार 'पड़ताल'चं मूळ 'परितोलन'मध्ये शोधतात. तेही मला पटत नाही. तोलणं म्हणजे एका वस्तूचं वजन घेणं. पडताळ्याला दोन बाजू लागतातच.

ताळा कसा चालतो ते एका डाळ मिलवर बघू. समजा लातूरची मिल आहे, आकडे उदाहरणापुरते. मार्च संपलाय, कच्चा ट्रायल बॅलन्स हातात आलाय. विक्री 35.5 कोटी. ढोबळ नफा गेल्या वर्षी 8 टक्के होता, यंदा 11.4 टक्के. उधारी वसूल व्हायला 32 दिवस लागायचे, आता 44 लागतात. तुरीपासून डाळीचा उतारा 73 टक्क्यांवरून 76 वर गेलाय. तिन्ही आकडे एकाच दिशेला सरकलेत: नफा वाढला, पण पैसा आला नाही, आणि तेवढ्याच तुरीतून जास्त माल विकला गेला.

हे प्लॅनिंगचं काम. एसए 315 या ऑडिटच्या मानकाप्रमाणे जोखीम ओळखण्याच्या टप्प्यावर असा ताळा घ्यावाच लागतो. यातून काहीही सिद्ध होत नाही. मार्चची विक्री आणि त्या महिन्याची उधारी खोलात बघायची, एवढं ठरतं. पण आकडे उघडण्याआधी आपली अपेक्षा मांडलेली हवी. यंदा तुरीचा भाव कसा होता, मिलमध्ये काय बदललं, त्यावरून नफा किती असावा? अपेक्षा न मांडता गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवला, तर जो आकडा बदलायला हवा होता पण बदलला नाही, तो कधीच खटकणार नाही. तीही विसंगतीच आहे.

मालक सांगतो, नवीन मशीन बसवलं म्हणून उतारा वाढला. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, आणि ऑडिट शिकणारे बरेच आर्टिकल ते फाइलला लावून पुढे जातात. इथेच घोटाळा होतो. मशीन जुलैत आलं असेल तर ऑगस्टपासून उतारा वाढायला हवा. म्हणून वर्षाची सरासरी सोडून महिन्यांचे आकडे घ्या. एप्रिल ते फेब्रुवारी 3,500 टन तूर भरडली, डाळ 2,555 टन, म्हणजे नेमके 73 टक्के. मार्चमध्ये तूर 500 टन, डाळ 485 टन. 97 टक्के! टरफल आणि चुनी निघाल्याशिवाय डाळ होतच नाही. 73 टक्क्यांनी 365 टन व्हायला हवी होती; वरची 120 टन फक्त बिलावर आहे. 110 रुपये किलोने 1.32 कोटी. वाढलेला नफा आणि लांबलेली उधारी, दोन्ही तेवढ्याने बसतात. वर्षाच्या सरासरीत जे तीन टक्के दिसत होतं, ते एका महिन्यात अशक्य कोटीत जातं. यापुढे मात्र ताळा संपला. गेटपास, लॉरीची पावती, एप्रिलमध्ये परत आलेली बिलं बघायला आता खरी पडताळणी लागते.

नऊच्या ताळ्याची खोड इथेही आहे. 1081 ऐवजी 1018 लिहा, ताळा तरी जुळतो, कारण अंकांची अदलाबदल नेहमी नऊच्या पटीत चुकते. तसंच मालकाने खोट्या विक्रीबरोबर खोटी तूरखरेदीही दाखवली असती, तर उतारा 73 वरच राहिला असता आणि नफ्याचं प्रमाणही फारसं हललं नसतं. दोन्ही आकडे एकाच हाताने लिहिलेले असले की त्यांचं गुणोत्तर साक्ष देत नाही. म्हणून एक बाजू बाहेरची घ्यावी. महावितरणचं बिल मालक लिहीत नाही. भरडलेल्या टनामागे विजेची युनिटं काढली तर कागदावरची तूर उघडी पडते.

आता शेवटचा टप्पा, ज्याला आमच्याकडे फारच कमी वेळ देतात. एसए 520 प्रमाणे काम संपत आल्यावर पूर्ण आर्थिक पत्रकं पुन्हा ताळ्यावर धरायची असतात, कारण तोवर प्रत्येकाने आपापला भाग तपासलेला असतो आणि भागांमधली जागा कुणीच बघितलेली नसते. आपल्या मिलने ती 1.32 कोटींची विक्री उलटवली. ढोबळ नफा 8 टक्क्यांवर आला, उधारी 32 दिवसांवर, उतारा 73 वर. सगळं जागेवर. करपूर्व नफा 2.32 कोटी होता, तो 1 कोटी झाला. पण कराची तरतूद? ती 58 लाखच आहे. पंचवीस टक्क्यांच्या आसपास कर लागणाऱ्या कंपनीत नफ्याच्या 58 टक्के कर. कर बघणाऱ्याने आपला हिशेब जुन्या नफ्यावर करून फाइल बंद केली होती, विक्री बघणाऱ्याने आपली नोंद उलटवून बंद केली होती. दोघांच्याही कागदांची पडताळणी बिनचूक होती.

तेव्हा सरांना सांगा : 'विश्लेषणात्मक ताळा' म्हणा. आणि 'पडताळणी' व्हाउचिंगसाठी राखून ठेवा.