ठरलं, ठरतंय, बघून गेले

"बाबा, आजी विचारते रविवारी कुठे जातेस. आम्ही चारदाच भेटलोय. तुमच्याकडे मुलाचं नाव घेतलं की डायरेक्ट लग्नच का येतं? आणि नाही सांगितलं तर ते खोटं बोलणं ना?"

ईशा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. पहिल्यांदा लागलं ते "तुमच्याकडे". नौपाड्यात आजीच्या घरात राहतेस, रोज ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडतेस, आणि अजून "तुमच्याकडे". पण मग वाटलं, बरोबरच आहे. मीही तिथून निघून आता सत्तावीस वर्षं झाली.

उत्तर द्यायचं तर नंदाआत्याची गोष्ट सांगावी लागेल. तू ती अर्धीच ऐकली आहेस, कारण उरलेल्या अर्ध्यात मी आहे.

१९८१ साल. मी बारा वर्षांचा, नंदाताई तेवीसची. तुळशीचं लग्न झालं की आमच्या चाळीत स्थळांचा हंगाम सुरू व्हायचा. आधी पत्रिका जायची, गुण बघायचे. छत्तिसातले अठरा आले की पुढे सरकायचं. मग फोटो, मग चौकशी, आणि सगळ्यात शेवटी मुलगी बघायला माणसं यायची. ताईचे त्या मुलाशी सत्तावीस गुण जुळले होते. माणसं आली, पोहे खाल्ले, मुलाच्या आईने ताईला शिवणाबद्दल विचारलं आणि निघताना दारात म्हणाली, "छान वाटलं हो. कळवतो."

मला ते "ठरलं" असं ऐकू आलं. मी खाली क्रिकेट खेळायला गेलो आणि सांगून टाकलं, आमच्या ताईचं ठरलं. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरच्या काकू साखर मागायला वर आल्या. साखर त्यांच्याकडे होती, हे आईलाही माहीत होतं.

बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. नकार खरं तर निळ्या आंतर्देशीयात यायचा, नाहीतर मध्यस्थ येऊन हळूच सांगायचा. हा उघड्या कार्डावर आला, म्हणजे आमच्याआधी तळमजल्याने वाचला. "पत्रिकेचा योग दिसत नाही, क्षमस्व." सत्तावीस गुण जुळल्यावर आणि बघून गेल्यावर पत्रिका आठवत नसते, हे सगळ्यांनाच कळायचं. ती नाही म्हणायची सभ्य रीत होती. त्या खोटेपणाबद्दल मला आजही आदर आहे, कारण त्यात दोष ग्रहांवर जायचा, ताईच्या रंगावर नाही.

पण मी "ठरलं" म्हणून बसलो होतो. त्यामुळे आता ते "जुळलं नाही" राहिलं नाही, "मोडलं" झालं. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते मला दोन महिन्यांनी कळलं. पुढच्या स्थळाच्या मामांनी चाळीत येऊन चौकशी केली, आणि कुणीतरी अगदी सहानुभूतीने सांगितलं, "मुलगी गुणी आहे हो, आधीचं मोडलं बिचारीचं." ते स्थळ परत आलंच नाही. आई मला रागावली नाही. त्या आठवड्यात जिन्यात, नळावर, देवळात कितीजणींना "नाही हो, तसं काही ठरलंच नव्हतं" सांगावं लागलं, ते तिने रात्री बाबांना बोटांवर मोजून दाखवलं. अकरा. मी चादर डोक्यावर घेऊन ऐकत होतो.

त्यानंतर आईने मला शब्द शिकवले, पाढे शिकवावेत तसे. "एक स्थळ आलंय" हे घराच्या चौकटीबाहेर जायचं नाही. "बघून गेले" फक्त मामाला. "बोलणी चालू आहेत" म्हणजे देण्याघेण्याचं निघालं, तेव्हा काका आणि आत्या. "ठरतंय" हा शब्द वापरायचाच नाही, तो सगळ्यात घातक. याद्या झाल्या, सुपारी फुटली, की गल्लीभर पेढे वाट. प्रत्येक शब्दाला ऐकणारी माणसं ठरलेली होती. तुम्हाला ती लपवालपवी वाटते. मला ती मुलीला निघायला दार उघडं ठेवण्याची सोय वाटायची. अर्थात दार फक्त मुलीलाच का लागायचं, मुलाचं दहा ठिकाणी "बघून" झालं तरी त्याला कुणी मोडलेला का म्हणायचं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता तुझं. तुमच्याकडेही पायऱ्या आहेतच की. मॅच झाली, बोलतोय, भेटतोय, मग दोघांनीही ॲप काढून टाकलं. गोंधळ होतो तो भाषांतरात. तू "एकाला भेटतेय" म्हणालीस की तुझ्या दृष्टीने ती चौथी कॉफी असते. आजीच्या कानात ते थेट "ठरतंय" होऊन पडतं. ती हट्टी आहे म्हणून नाही, तिच्या यादीत मधल्या पायऱ्याच नाहीत.

म्हणून शब्द तू निवड आणि खरा निवड. "मैत्रिणीकडे जाते" म्हणू नकोस. त्यासाठी मैत्रीण, तिचं घर, तिथे काय खाल्लं, सगळं रचावं लागतं, आणि आजी तीन आठवड्यांनी मैत्रिणीच्या आईची तब्येत विचारेल. "एक मित्र आहे, वाशीला भेटतोय, साडेनऊपर्यंत येते." यात एकही शब्द खोटा नाही आणि आजीला हवं ते सगळं आहे, म्हणजे कुठे आणि कधी परत. कमी सांगणं वेगळं आणि दुसरं सांगणं वेगळं. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे.

एक गोष्ट मात्र एवढ्यात देऊ नकोस, आडनाव. आडनाव दिलंस की आजी विचारेल "कुठले?", आणि "कुठले"चं उत्तर आलं की भजनी मंडळातली एखादी त्यांच्या मावशीच्या शेजारी राहिलेली निघतेच. ठाणे काय, नवी मुंबई काय, तीन फोनांत मुलगा सापडतो. मग त्याच्या आईला तुझ्याबद्दल त्याच्याआधी दुसऱ्याच कुणाकडून कळेल. आणि खरं सांगायचं तर "आडनाव काय" या प्रश्नाच्या पोटात जात असते. आमच्या घरात ती कुणी उघड विचारली नाही, याचा आम्हाला उगाच अभिमान होता. आडनावावरून कळत असताना विचारायची गरज कुणाला होती? (तलावपाळीवर भेटू नका, हेही त्यातच आलं. संध्याकाळी अर्धा नौपाडा तिथे फेऱ्या मारतो.)

पण एका माणसाला सगळं माहीत हवं. आजीला नाही, मलाही नाही. ऑफिसातल्या त्या शलाकाला सांग. त्याचं पूर्ण नाव, नंबर, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, कुठे भेटताय, किती वाजेपर्यंत. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एक तासाचं किंवा आठ तासांचं देता येतं, आठाचं दे. तुमच्यातल्या गप्पा मात्र तिलाही फॉरवर्ड करू नकोस. त्या निम्म्या त्याच्या आहेत.

तसं हे गुपितही निम्मं त्याचं आहे. पुढच्या भेटीत सरळ विचार, "तू घरी काय सांगितलंयस?" लाजला, म्हणाला की अजून नाही, ताईला थोडं माहीत आहे, तर तुमच्या दोघांची पायरी एकच आहे. पण तीन महिने झाले तरी फक्त कामाच्या दिवशीच भेटतोय, रात्री फोन घेत नाही, मित्रांपैकी एकाचीही गाठ घालून दिली नाही, तर तो तुमची गोष्ट लोकांपासून जपत नाहीये. तो त्याच्या जगापासून तुला लपवतोय. हे दोन्ही पहिल्या महिन्यात अगदी सारखे दिसतात. म्हणून चार भेटींवर मी काहीच मत देत नाही.

घरी कधी सांगायचं? महिने मोजू नकोस. आईसारखी बोटं मोज. उद्या हे थांबलं तर कितीजणांना परत सांगायला जावं लागेल? आज एक, शलाका. ते ठीक आहे. तिसऱ्या-चौथ्या बोटापाशी तुझा जीव कचरत असेल तर अजून वेळ आहे. आणि आजीसाठी गोष्टी रचायची वेळ आली, म्हणजे दिवाळीत तो घरी यायला हवा असं वाटतंय पण कारण सापडत नाहीये, तर मग उशीर झालाय, सांगून टाक. आधी त्याला विचारून.

सांगशील तेव्हाही जपून. मी तुझ्या आईबद्दल घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा प्रामाणिकपणाच्या भरात म्हणालो, "जरा फटकळ आहे, पण मनाने चांगली." ती कॉलेजातल्या एका भांडणानंतरची संध्याकाळ होती. भांडण रात्रीच मिटलं. आजी मात्र अजून, बत्तीस वर्षांनी, फोनवर विचारते, "फटकळ कशी आहे?" रुसवे-फुगवे मैत्रिणीला सांग, घरी नको. तुम्ही विसरता, घरचे विसरत नाहीत.

मला सांगितलंस हे आवडलं. किती ते विचारणार नाही. आडनाव मलाही सांगू नकोस. मी तुझ्या आईला सांगेन, ती मावशीला, आणि मी बारा वर्षांचा होतो तेव्हाही माझा हेतू चांगलाच होता.

हे लिहिण्याआधी मी नंदाआत्याला पुण्याला फोन केला. पोस्टकार्ड बाराव्या दिवशी आलं की पंधराव्या, एवढंच विचारायचं होतं. ती हसली. म्हणाली, बाराव्या, आणि त्यावर शाईचा डागही होता. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "आज हे कुठून काढलंस रे? ईशाचं काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं, सहज."

म्हणजे बघ, वर एवढं सगळं लिहून मी दुसरंच सांगितलं. तिने नक्की ओळखलंय. आजीला तिचा रविवारी फोन असतो, त्याच्या आत तू "एक मित्र आहे" एवढं बोलून ठेव.

बाबा