कामाच्या कागदाआधी काय द्यायचं त्याची यादी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले करारांचे दोन्ही मसुदे काल रात्री वाचले. कंपनीच्या कागदावर तू लिहिलंयस, ‘सुरक्षा प्रशिक्षणावर एक फिल्म, सर्व हक्कांसह’. तुझ्या टीमच्या कागदावर आहे, ‘शूटिंगशी संबंधित सर्व कामं’. दोन्हीकडे ‘सर्व’ आहे आणि भांडण नेमकं त्या शब्दातून उगवतं. टीमचा कागद तू आधी लिहिलास, तो बाजूला ठेव. आधी कंपनीला काय द्यायचं त्याची यादी कर. कोणाला काय काम सांगायचं, हे ती यादीच सांगेल.

तुझंच काम घेऊ. चाकणचा कारखाना, नव्या कामगारांना आणि पाहुण्यांना गेटजवळच्या खोलीत दाखवायची चार मिनिटांची फिल्म, मराठी आणि हिंदीत. दोन दिवस शूटिंग, मानधन १,८०,००० रुपये. तू ‘एक फिल्म’ म्हणतोस, पण कंपनीच्या डोक्यात किती फाइल आहेत ते तुला अजून माहीत नाही. यादीत फाइल लिहायच्या. मी अशी लिहीन:

१. मराठी निवेदनाची फिल्म, ४ मिनिटं (१५ सेकंद कमी-जास्त), 1920 × 1080, २५ फ्रेम, MP4, पडद्यावर मराठी अक्षरं.
२. हिंदी निवेदनाची फिल्म, बाकी तशीच, पडद्यावर हिंदी अक्षरं.
३. पडद्यावर एकही अक्षर नसलेली प्रत, ProRes 422, निवेदन आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर.
४. दोन्ही भाषांच्या सबटायटल्सच्या फाइल, SRT.

तिसरी ओळ कंपनी मागणार नाही, तरीही दे. वर्षभरात लोगो बदलतो, नाहीतर आपत्कालीन नंबर बदलतो. अक्षरं चित्रातच भाजलेली असली की त्या एका नंबरासाठी जुना प्रोजेक्ट उघडावा लागतो, आणि तोवर एडिटर दुसऱ्या गावी असतो. चौथी ओळ खोलीमुळे. गेटजवळच्या टीव्हीचा आवाज बहुतेक वेळा बंदच असतो. आणि हिंदी म्हणजे फक्त दुसरा आवाज नव्हे. अनुवादाची वाक्यं लांबतात, मग शॉट ताणावे लागतात, नाहीतर निवेदन कापावं लागतं. म्हणून हिंदी संहिता एडिटआधी मंजूर झाली पाहिजे, हे वेळापत्रकात लिही.

याच यादीखाली काय मिळणार नाही तेही लिही: कच्चं फुटेज, एडिटचा प्रोजेक्ट, मोबाइलसाठी उभ्या आवृत्त्या, इंग्रजी, ड्रोन. प्रत्येकापुढे किंमत टाक. ‘नाही’ एवढंच लिहिलं तर ते उद्धट वाटतं. पुढे आकडा असला की तो दर होतो.

आता बदलांचं. ‘दोन वेळा बदल’ तू लिहिलंयस, पण एक वेळ म्हणजे काय? माझ्या एका कामात एचआरने सोमवारी यादी पाठवली, सेफ्टी ऑफिसरने बुधवारी आणि प्लँट हेडने पुढच्या सोमवारी, तीही दुसरीच्या उलट. त्यांच्या हिशेबाने तो एकच बदल होता. म्हणून लिही: कंपनीने नेमलेल्या एका व्यक्तीकडून आलेली एकत्रित, लेखी यादी म्हणजे एक फेरी. फिल्म पाठवल्यावर कामाच्या सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ती मंजूर धरली जाईल.

सुरक्षेच्या फिल्मला आणखी एक धोका आहे, तो इतर कॉर्पोरेट कामात नसतो. शॉट छान असतो, उजेड छान असतो, आणि मागे कोपऱ्यात ग्राइंडरवर बसलेल्या माणसाने गॉगल घातलेला नसतो. तुला ते दिसणार नाही. सेफ्टी ऑफिसरला दिसेल, पण तीन आठवड्यांनी, एडिट संपल्यावर. मग पुन्हा शूटिंग कोणाच्या पैशांनी? माझं एकदा माझ्याच पैशांनी झालं. तेव्हापासून मी लिहिते: शूटिंगच्या दोन्ही दिवशी कंपनीचा सेफ्टी ऑफिसर मॉनिटरजवळ हजर राहील, प्रत्येक शॉट तो मंजूर करेल, आणि त्याने मंजूर केलेल्या शॉटचं फेरशूटिंग वेगळ्या दराने होईल. बाकी सगळ्या कलमांवर घासाघीस झाली तरी हे सोडू नकोस. चौकटीत दिसणाऱ्या कामगारांची संमती घेण्याची जबाबदारीही कंपनीची. त्यात कंत्राटी कामगारही येतात हे स्पष्ट लिही.

एवढं झालं की टीमचा कागद जवळजवळ स्वतःच लिहिला जातो. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक नाव टाकायचं. ज्या ओळीपुढे नाव सापडत नाही, ते काम शेवटी तुझ्या गळ्यात पडतं.

कॅमेरामनच्या कागदात ‘२५ फ्रेम, शटर १/५०’ एवढं घाल. त्याला माहीत असतं, पण कारखान्यातले जुने दिवे ५० हर्ट्झवर चालतात आणि स्लो मोशनच्या मोहात कोणी फ्रेम वाढवल्या की चित्र लुकलुकू शकतं. ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही, घरी दिसतं. स्लो मोशन हवंच असेल तर त्या दिव्याखाली आधी एक चाचणी शॉट घेऊन मोठ्या पडद्यावर बघायचा.

कार्ड कोण रिकामं करणार, हा प्रश्न तुझ्या मसुद्यात नाहीच. १०० मेगाबिटवर 4K शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतात. दिवसाला तीन तास रेकॉर्डिंग धरलं तर दोन दिवसांचे २७० जीबी. ते दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरल्याशिवाय आणि दोन्हीकडे चार-पाच क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. हे काम असिस्टंटचं, असं त्याच्याच कागदात लिही आणि त्यासाठी पॅक-अपनंतरचा पाऊण तास त्याच्या वेळेत धर. फुकटात सांगितलेलं काम घाईत होतं.

वेळ कुठून मोजायची? दहा तासांची शिफ्ट गेटवर पोचल्यापासून सुरू होते, पहिल्या शॉटपासून नव्हे. एमआयडीसीत पहिला तास गेटवरच जातो. सामानाचा सीरियल नंबर नोंदला नाही, तर संध्याकाळी तेच सामान बाहेर काढताना सिक्युरिटी अडवते. म्हणून प्रत्येकाने आपल्या सामानाची नंबरासकट यादी दोन दिवस आधी द्यायची, हे कागदात असू दे. सेफ्टी शूज ज्याने त्याने आणायचे की कंपनी देणार, तेही. आणि तारीख पक्की करण्याआधी कंपनीची साप्ताहिक सुट्टी विचार. आपल्या पट्ट्यात ती बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते, आणि बंद मशिनवर सुरक्षेची फिल्म होत नाही.

मोबाइलवर बंदी एका ओळीत, पण ठळक. माझ्या असिस्टंटने एकदा जेवणाच्या सुट्टीत स्टोरी टाकली, मागे पांढऱ्या फळ्यावर एका गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर. अर्ध्या तासात काढली, पण ती कंपनीतल्या कोणीतरी आधीच पाहिली होती. आमची उरलेली रक्कम तीन महिने अडकली. त्या पोराच्या कागदात याबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यामुळे त्याला काय बोलणार? शोरीलसाठी काय वापरता येईल तेही लिही. मी कंपनीकडून मंजूर झालेल्या फिल्ममधले तीस सेकंद मागून घेते, तेवढेच पुढे टीमला देते.

‘सर्व हक्क’ हा शब्दप्रयोग मात्र खोड. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. म्हणजे नुसतं ‘सर्व’ लिहून मुदत आणि प्रदेश ठरत नाहीत आणि कंपनीला ते कळलेलंही नाही. त्यांना कायमचे, जगभरासाठी हवे असतील तर तसं स्पष्ट लिही. मग तेच शब्द कॅमेरामन, एडिटर, निवेदक आणि संगीताच्या परवान्यात आहेत का बघ. तुझ्याकडे जे आलेलंच नाही ते तू पुढे देऊ शकत नाहीस. निवेदकाबाबत जास्त जप. अंतर्गत वापराचा दर वेगळा असतो आणि जाहिरातीचा वेगळा. कंपनी ती फिल्म यूट्यूबवर टाकणार का, हे आवाज रेकॉर्ड करण्याआधी विचार.

शेवटी पैसे. तू ४० टक्के आगाऊ मागितलेस. का? ‘सगळे मागतात’ हे कारण नव्हे. तुझ्याच आकड्यांवरून हिशेब केला: कॅमेरामन २०,०००, असिस्टंट ६,०००, साउंड १२,०००, लाइटमन १०,०००, भाड्याचं सामान १२,०००, टेंपो आणि जेवण ८,०००. म्हणजे शूटिंग संपेपर्यंत ६८,००० जाणार. चाळीस टक्के म्हणजे ७२,०००, दिसायला पुरेसे. पण कंपनीच्या अकाउंट्सने तुझं काम व्यावसायिक सेवा धरून दहा टक्के टीडीएस कापला तर हातात ६४,८०० येतील आणि तू शूटिंगच्या दिवशीच ३,२०० ने उणा असशील. पन्नास टक्के माग, कापून ८१,००० येतात. ते किती टक्के कापणार हे अकाउंट्सलाच ईमेलवर विचार, कारण प्रत्येक कंपनी या कामाकडे सारख्या नजरेने बघत नाही.

टीमच्या कागदात ‘क्लायंटचे पैसे आल्यावर’ लिहिलंयस, ते काढ. शूटिंगनंतर सात दिवसांत द्यायचे. तारीख ४८ तासांच्या आत रद्द झाली तर त्यांना अर्धे द्यायचे, आणि नेमकी हीच अट कंपनीच्या कागदात असली पाहिजे, नाहीतर ते अर्धे तुझ्या खिशातून जातील. उद्यम नोंदणी केली नसशील तर आत्ताच कर. एमएसएमई कायद्याने अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात जास्त मुदत लिहिली तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मी आजवर कोणाकडून घेतलेलं नाही, पण बिलावर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्सवाले फाइल जरा लवकर सरकवतात.

दुरुस्त मसुदे बुधवारपर्यंत पाठव. आणि उद्या पाहणीला जाशील तेव्हा एक पेन ड्राइव्ह सोबत ने, त्यात कुठलीही दोन मिनिटांची MP4 असू दे. गेटजवळच्या त्या टीव्हीवर लावून बघ. पाच वर्षांपूर्वीचा टीव्ही असेल तर काय चालतं, काय नाही, ते यादीच्या पहिल्या ओळीत लिहिण्याआधी कळलेलं बरं.

तुझी,
ताई