बॅकपास आला की हात मागे, पाय पुढे

तू शाहू स्टेडियमवर गोलरक्षणाला उभा राहणार आहेस, म्हणून फुटबॉलमधला बॅकपासचा नियम आधी समजून घे. 1990 च्या विश्वचषकात आयर्लंड-इजिप्त सामन्यासारख्या लढतींत बचावपटू चेंडू गोलरक्षकाकडे देत, तो हातात उचलून धरी, पुन्हा सोडी आणि वेळ निघून जाई; म्हणून 1992 मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू हाताळण्यास बंदी आली. हाताळल्यास प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. डोक्याने किंवा छातीने सहजपणे दिलेला चेंडू मात्र उचलता येतो.

तेव्हापासून गोलरक्षकाला पायांनी खेळणे भाग पडले. पास येण्याआधीच मैदानाकडे तिरके उभे राहा आणि पहिला स्पर्श दबाव आणणाऱ्या खेळाडूपासून दूर घे. बचावपटूलाही सांग, की पास गोलखांबांच्या बाहेरच्या बाजूला दे; तुझा स्पर्श चुकला, तरी चेंडू जाळ्यात न जाता कॉर्नरला जाईल.