रंगाच्या दुकानाची रांगोळी स्पर्धा: पत्रकात काय लिहावं?

प्रश्न: अमळनेरला आमचं रंगाचं दुकान आहे. यंदा आखाजीला दुकानातर्फे रांगोळी स्पर्धा घ्यायचं ठरलंय. तीसेक जण तरी येतील. पत्रकात काय काय लिहू, गुण कसे ठेवू? नंतर भांडणं नकोत.

उत्तर:

भाऊ, पत्रक छापायला टाकायच्या आधी जमिनीवर काय काय चालणार ते ठरवा. रंगाच्या दुकानाने स्पर्धा घेतली की निम्म्या लोकांना वाटतं, दुकानातला रंगच वापरायचा असेल. कोणी ऑइल पेंटचा छोटा डबा घेऊन येतं, कोणी रांगोळीत स्टेनर कालवून आणतं. ऑइल पेंट फरशीवरून निघत नाही. स्टेनर कालवलेली रांगोळी ओलसर राहते, चिमटीतून सुटत नाही आणि शेजारणीच्या रांगोळीपुढे उगाच भडक दिसते. मग हिला चालतं तर मला का नाही, इथून सुरुवात होते. म्हणून पत्रकात ठळक लिहा: फक्त कोरडी रांगोळी आणि रांगोळीचे रंग, हळद-कुंकू चालेल, ऑइल पेंट, स्टेनर, डिंक, चमकी चालणार नाही. छापे, जाळी आणि नळीही नको. रंग पसरायला चाळणी चालेल, आखणीला खडू आणि दोरा चालेल.

दुकानातली सुटी पावडर स्पर्धकांना वाटायचा मोह आवरा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली आला. तो तयार रंगांसाठी आहे. कारखान्यांसाठी येणाऱ्या पिवळ्या-शेंदरी पावडरीत लेड क्रोम असू शकतं. ती चिमटीत धरून, तोंड जमिनीजवळ नेऊन अडीच तास बसायला कोणाला देऊ नये.

दुकानाला काही द्यायचंच असेल तर गेरू द्या. माझ्या मते या स्पर्धेत रंगाच्या दुकानाचा खरा मान तोच. पेव्हर ब्लॉक असोत की शहाबादी फरशी, प्रत्येक चौकोन वेगळ्या रंगाचा, कुठे तेलाचा डाग, कुठे सिमेंटचा थापा. आदल्या संध्याकाळी सगळ्या चौकोनांवर गेरूचा सारखा हात फिरवला की सगळ्यांना एकच जमीन मिळते आणि पांढरी रेघ उठून दिसते. डिस्टेंपर मारू नका, तो महिनाभर रस्त्यावर राहील. गेरू मात्र पूर्ण वाळलेला हवा. ओल्या गेरूवर पांढरी रांगोळी पडली की कडा तपकिरी होतात, बोटाखाली गोळे येतात आणि मग पुसता येत नाही. सकाळी वर्तमानपत्राचा कागद दाबून बघा. डाग आला तर त्या चौकोनाचा नंबर बदला.

आता वेळ. आखाजीच्या दिवशी नकोच. सकाळी घागर भरायची, पितरांचं बघायचं, पुरणाचा स्वयंपाक, त्यात कोण येणार? पुरुष मंडळी पत्त्यांवर बसलेली असतात ती वेगळीच. दोन दिवस आधी घ्या. लेकी माहेरी आलेल्या असतात, हात मोकळे असतात. पण आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. दहानंतर फरशीवर बसवत नाही आणि दुपारच्या वावटळीत रांगोळी टिकत नाही. सकाळी साडेसहा ते नऊ रांगोळी, नऊ ते दहा परीक्षण, साडेदहाला निकाल. त्यापुढे ओढू नका.

मंडपाचं कापड पांढरं घ्या. हिरव्या शेडनेटखाली लाल रंग मळकट दिसतो, पिवळ्या कापडाखाली निळा हिरवट. तुम्ही गिऱ्हाइकाला शेडकार्ड दुकानाबाहेर उजेडात नेऊन दाखवता ना, तेच इथं. रंगसंगतीला गुण ठेवायचे आणि रंगीत कापडाखाली परीक्षण करायचं, याला अर्थ नाही.

चौकोन चार बाय चार फुटांचा ठेवा. अडीच तासांत एकट्या माणसाला एवढाच नीट भरता येतो आणि भरगच्च काम केलं तरी दोन-अडीच किलो रांगोळी पुरते. चारी बाजूंनी दोन फूट वाट सोडा, नाहीतर पदराने शेजारची रांगोळी पुसली जाते. तीस जणांसाठी सहा-सहाच्या पाच ओळी धरल्या तर साधारण ३८ बाय ३२ फूट जागा लागते. दुकानासमोर तेवढी नसेल तर शाळेचं पटांगण मागा. रस्त्याची कड नको, गाडी गेली की धूळ बसते.

गट दोनच ठेवा: ठिपक्यांची रांगोळी आणि मुक्तहस्त. संस्कारभारती पद्धतीचा गालिचा मुक्तहस्तात येईल. व्यक्तिचित्राला सरळ नाही म्हणा. चांगल्या चेहऱ्याला सहा-आठ तास लागतात. अडीच तासांत झालेला चेहरा अर्धवटच असतो, तरी गर्दी त्याच्याभोवतीच जमते आणि परीक्षकांवर दडपण येतं. ठिपक्यांची रांगोळी इतकी अवघड असूनही अशा वेळी कोणी बघत नाही, म्हणून तिला स्वतंत्र बक्षीस हवं.

गुण शंभरपैकी ठेवा. रेषेला ३०: जाडी सारखी आहे का, रेघ थरथरते का, कोपरे जुळतात का. रंगसंगतीला ३०. मांडणी आणि प्रमाणाला २०. कल्पनेला १०. वेळेत पूर्ण आणि चौकोन स्वच्छ याला १०. 'सामाजिक संदेश' म्हणून वेगळे गुण ठेवू नका. मग लोक रांगोळीत घोषणा लिहीत बसतात आणि परीक्षक हाताच्या कामाऐवजी वाक्याला गुण देतात. पत्रकात हे आकडे छापा म्हणजे कशावर मेहनत घ्यायची ते आधीच कळतं.

परीक्षक तीन घ्या, दुसऱ्या तालुक्यातले. चित्रकला शिक्षक आणि स्वतः रांगोळी काढणारी एक तरी बाई असावी. तुमच्याकडून माल घेणारा पेंटर ठेकेदार नको, कितीही कलाकार असला तरी. परीक्षकांनी आधी एक फेरी हातात पेन न घेता मारावी, दुसऱ्या फेरीत गुण द्यावेत. सरळ पहिल्या चौकोनापासून गुण सुरू केले की सुरुवातीच्या चार-पाच जणींना हात आखडून मिळतात.

तिघांचे गुण नुसते बेरीज करू नका. समजा शेवटी ७, १४ आणि २२ नंबरची चुरस आहे. पहिल्या परीक्षकाने ८४, ८२, ८० दिले. दुसऱ्याने ८०, ८२, ७९. तिसऱ्याला २२ नंबर फारच आवडला, त्याने ६२, ६०, ८५ दिले. बेरीज केली तर ७ ला २२६, १४ ला २२४ आणि २२ ला २४४. म्हणजे तिघांपैकी दोघांनी ज्या रांगोळीला तिसरं ठेवलं ती पहिली आली. लोकांना हे दिसतं आणि मग कुजबुज होते. त्याऐवजी प्रत्येक परीक्षकाचा क्रम घ्या. ७ चा क्रम पहिला, दुसरा, दुसरा: बेरीज ५. १४ चा दुसरा, पहिला, तिसरा: ६. २२ चा तिसरा, तिसरा, पहिला: ७. सगळ्यात कमी बेरजेचा ७ नंबर जिंकला. बरोबरी झाली तर रेषेचे गुण ज्याचे जास्त तो वर. हाही नियम पत्रकातच असू द्या. बरोबरी झाल्यावर शोधलेला नियम कोणीच मानत नाही.

प्रवेशाला 'बिल दाखवा आणि भाग घ्या' असं काही ठेवू नका. विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेखाली येऊ शकतात. दुकानाचं नाव फलकावर येतंय, तेवढं पुष्कळ झालं. फी मात्र घ्या, पन्नास रुपये. फुकट नावनोंदणीत तीस नावं लिहिली जातात आणि सकाळी निम्मे चौकोन रिकामे राहतात. त्या पन्नासाच्या बदल्यात प्रत्येकाला एक किलो पांढरी रांगोळी द्या, म्हणजे कोणी कुरकुर करणार नाही. बक्षीस पाकिटात द्या. वीस लिटरची बादली घेऊन माहेरवाशीण एसटीत चढणार कशी? रंग द्यायचाच असेल तर शेड आपल्या पसंतीची आणि कुपन सहा महिने चालेल, असं लिहून द्या.

पत्रकाचा मजकूर असा करता येईल. तारखा आणि रकमा तुम्ही भरा:

"आखाजीनिमित्त खुली रांगोळी स्पर्धा. स्त्री-पुरुष, वय १४ पूर्ण. गट: १) ठिपक्यांची, २) मुक्तहस्त (व्यक्तिचित्र नाही). एका व्यक्तीला एकाच गटात प्रवेश. चौकोन ४ बाय ४ फूट. वेळ सकाळी ६.३० ते ९. सहाला हजर राहून चिठ्ठीने चौकोन क्रमांक घ्यावा. ६.४५ नंतर प्रवेश नाही. रांगोळी एकट्याने काढावी. कागदावरचा नमुना चालेल, मोबाइल नाही. साहित्य: कोरडी रांगोळी व रंग, हळद-कुंकू. ऑइल पेंट, स्टेनर, डिंक, चमकी, छापे, जाळी, नळी वर्ज्य. रांगोळीत नाव, सही, दुकानाचं चिन्ह नको. गुण: रेषा ३०, रंगसंगती ३०, मांडणी व प्रमाण २०, कल्पना १०, वेळ व स्वच्छता १०. निकाल तीन परीक्षकांच्या क्रमांवरून. बरोबरीत रेषेचे गुण धरले जातील. प्रवेश फी ५० रुपये, त्यात एक किलो पांढरी रांगोळी. खरेदीची अट नाही. नोंदणी दुकानात, दुपारी २ ते ५, स्पर्धेच्या तीन दिवस आधीपर्यंत. दुकानमालकाच्या आणि कामगारांच्या घरच्यांना प्रवेश नाही."

नोंदणीची दुपारची वेळ मुद्दाम लिहिली आहे. सकाळी पेंटर लोकांची काउंटरवर झुंबड असते, त्यात अर्ज कुठल्या तरी बिलबुकात जातात. वेगळी वही ठेवा आणि पावतीवर गट लिहा. शेवटची ओळ घरात थोडी खटकेल, पण राहू द्या. वहिनींना हौस असेल तर प्रवेशद्वारासमोरची मोठी रांगोळी त्यांच्याकडं सोपवा, स्पर्धेबाहेर.

नऊला शिट्टी वाजली की स्पर्धकांना मंडपाबाहेर चहाला न्या आणि परीक्षक आत यायच्या आधी प्रत्येक चौकोनाचा क्रमांकासह वरून फोटो काढून घ्या. नंतर एखादं पोर धावत गेलं, रांगोळी विस्कटली, तर दाखवायला काहीतरी हातात असतं. आणि पत्रक जिथं जिथं लावलं होतं, तिथंच तिन्ही परीक्षकांच्या क्रमांसकट निकाल दुसऱ्या दिवशी लावा.