दुसरा अंतरा भरायचा, पण शब्द न गिळता

प्रश्न: घरीच गाणं अरेंज करतोय. दुसऱ्या अंतऱ्यात ढोलक, स्ट्रिंग्ज, बासरी सगळं घातलं, तरी तो पहिल्यासारखाच वाटतो, फक्त गिचमिड जास्त. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा तुमचा पहिला अंतराच आधी भरलेला असणार. तिथे गिटार पूर्ण स्ट्रमिंगवर आणि बेस हलता असेल, त्यात पॅडही असेल, तर दुसऱ्याला वाढायला जागाच उरत नाही. म्हणून मी आधी पहिल्या अंतऱ्यातून वाद्यं काढतो. गिटारवर सुटे सूर, बेस प्रत्येक कॉर्डला एकदाच वाजून लांब धरलेला, आणि ऱ्हिदमला नुसता शेकर. ऐकताना थोडं उघडं वाटलं तर वाटू द्या.

आता एक साधं गाणं घेऊ. पुरुष आवाज, पांढरी एक, केरवा, टेम्पो ८४. अंतरा चार ओळींचा आणि प्रत्येक ओळ चार बारची. म्हणजे अख्खा अंतरा सोळा बार, जेमतेम पाऊण मिनिट. एवढ्या वेळात तीन नव्या गोष्टी पुष्कळ झाल्या, आणि त्या तिन्ही एकदम आणायच्या नाहीत. पहिल्या समेलाच सगळं आलं तर कानाला तो एक धक्का बसतो आणि पुढचे पंधरा बार सपाट जातात. तुमचं नेमकं हेच होत असावं असा माझा अंदाज आहे.

पहिल्या ओळीला फक्त ठेका येऊ दे: ढोलक, साधा, लग्गी वगैरे काही नाही. बेस आता कॉर्ड बदलायच्या आधी एखादा सूर चालत जाईल. शब्द तेच, चालही तीच, पण गाणं चालायला लागतं.

दुसऱ्या ओळीला स्ट्रिंग्ज. इथेच बहुतेकांची गिचमिड होते, कारण कीबोर्डवर दोन्ही हातांनी पूर्ण कॉर्ड दाबून तोच स्ट्रिंग्जचा ट्रॅक म्हणून ठेवतात. कॉर्डचे सूर गिटार देतेच आहे. स्ट्रिंग्जला दोनच सूर पुरतात. समजा कॉर्ड सी, ए मायनर, एफ, जी असे आहेत. वरची ओळ ग, ग, म, रे आणि खालची सा, सा, सा, नी. म्हणजे खालचा सूर तीन बार जागचा हलतच नाही आणि चौथ्याला फक्त अर्ध्या सुराने उतरतो. गायक मध्य सप्तकात आहे, म्हणून हे दोन्ही सूर त्याच्या वर, तार षड्जाच्या आसपास ठेवायचे. खालचा नी तेवढा मध्य सप्तकातला. ते आल्यावर गिटार आणखी विरळ करा. आवाजाच्या पट्ट्यात काही नवीन आलं की जुनं थोडं बाजूला सरकलंच पाहिजे.

तिसऱ्या ओळीत चाल बहुतेक वेळा तार षड्जाला चढते, आणि स्ट्रिंग्ज अजून तिथेच बसलेल्या असतात. मग शब्द बुडतात आणि आपण गायकाचा फेडर वर करत बसतो. त्यापेक्षा या ओळीपुरत्या स्ट्रिंग्ज एक सप्तक वर न्या. गाणं इथे खऱ्या अर्थाने उघडतं, तेही नवीन वाद्य न आणता.

बासरीचा ऑब्लिगाटो सगळ्यात शेवटी, आणि तोही गायक सूर धरून थांबतो तेवढ्याच जागेत. तो शब्द म्हणत असताना बासरीही चाल वाजवू लागली तर ऐकणाऱ्याला दोघांतला एक निवडावा लागतो. चौथी ओळ ही क्रॉस लाइन, मुखड्यावर परत नेणारी. तिच्या शेवटच्या बारला मी ढोलक थांबवतो, म्हणजे मुखड्याचं वजन शाबूत राहतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे दुसऱ्या अंतऱ्याआधीचं म्युझिक. ते फुल ऑर्केस्ट्रात संपलं तर अंतरा कितीही भरा, ऐकताना उतरल्यासारखाच वाटणार. त्याचे शेवटचे दोन बार रिकामे करून एकाच वाद्यावर सोडा.

जमलंय का हे बघायला गायकाचा फेडर दोन्ही अंतऱ्यांत एकाच जागी ठेवा आणि स्पीकर अगदी हळू करा. दुसऱ्यात शब्द हरवले तर एकेक ट्रॅक म्यूट करत जा. ज्याच्या जाण्याने शब्द परत येतात, त्याचं सप्तक बदला किंवा त्याला गायकाच्या मोकळ्या जागेत ढकला. आणि जो गेल्याचं कळतही नाही, तो कायमचा काढा. सॅम्पल स्ट्रिंग्ज वापरत असाल तर त्यांचा सूर हळू उमलतो, त्यामुळे ग्रिडवर बरोबर असूनही त्या मागे पडल्यासारख्या वाटतात. तो ट्रॅक अख्खाच जरासा आधी सरकवा.

हे सगळं शब्द चढत जाणारे असतील तर. दुसऱ्या अंतऱ्यातला माणूस एकटा पडत असेल, तर ढोलक आणूच नका. नुसत्या दोन सुरांच्या स्ट्रिंग्जवर वाढ होते.