कॅशियर ताई ग्राहकांवर खेकसतात, काय करायचं?

"मॅडम, आमच्या पतसंस्थेच्या शाखेत कॅशियर बाई आहेत, ११ वर्षं झाली, हिशोबाला एकदम पक्क्या. पण ग्राहकांवर खेकसतात. महिन्याभरात चार तोंडी तक्रारी आल्या आणि एक लेखी, ती थेट संचालकांच्या हातात. मी दोनदा केबिनमध्ये बोलावून समजावलं, समोर हो हो म्हणतात आणि परत तेच. माणूसच उद्धट असेल तर ट्रेनिंग देऊन काय उपयोग? ठेवायचं की काढायचं, सांगा."

साहेबांचा हा मेसेज वाचून मी फोन केला आणि एकच विचारलं, कधीपासून? ते पटकन म्हणाले, पहिल्यापासूनच तशा आहेत हो. मग जरा थांबले आणि म्हणाले, नाही म्हंजे दिवाळीच्या आधी एवढं नव्हतं. आता बघा, दहा वर्षं ज्या बाईची तक्रार नाही तिचा स्वभाव एका दिवाळीत बदलत नाही, दिवाळीच्या आसपास काहीतरी घडलेलं असतं. पण तेवढ्यावरून मी "ताण आहे बिचारीला" असंही ठरवलं नाही, कारण ती पण घाईच असते.

दुसरं विचारलं, त्या नेमकं काय बोलतात? तर म्हणे, उद्धट बोलतात. हे झालं आपलं मत, घडलं काय ते यातून कळत नाही. लेखी तक्रार वाचून दाखवायला सांगितली, तेव्हा त्यात एक वाक्य सापडलं, "अहो दिसत नाही का मोजतेय ते!" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मग दोन दिवस शाखेत जाऊन बाकड्यावर बसले, एक आठवडी बाजाराचा दिवस आणि एक साधा. साहेबांचं म्हणणं होतं की ताईंना कळू देऊ नका, ग्राहक म्हणून बसा. मी नाही म्हणाले. असं चोरून बघितलेलं नंतर बाहेर येतंच आणि मग ती बाई तुमच्याशी आयुष्यात मोकळं बोलत नाही. ताईंना सरळ सांगितलं की काउंटरचं काम कसं चालतं ते बघायचंय, तक्रारी आल्यात हे तुम्हाला माहीतच आहे. पहिला तासभर त्या साखरेसारख्या गोड होत्या, पण कॅशच्या खिडकीत बसून तासाभराच्या वर नाटक कुणालाच जमत नाही, गर्दी सुरू झाली की माणूस आहे तसा दिसायला लागतो. वहीत चार रकाने आखले होते, वेळ काय, समोर कोण, त्यांनी काय विचारलं, आणि त्याच्या आधीच्या मिनिटात काय चाललं होतं. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि साहेबांनी तोच कधी बघितला नव्हता.

दोन दिवसांत खेकसणं, टोमणा, स्लिप परत भिरकावणं असं सगळं धरून १७ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ अडीच ते चारमधल्या. या वेळेत पिग्मी एजंट येतात, म्हंजे दारोदार फिरून लोकांची रोजची छोटी बचत गोळा करणारे. एजंट पिशवी उलटी करतो, दहा-वीसच्या नोटा, चुरगळलेल्या, काही चिकटपट्टी लावलेल्या, वर चिल्लर. मशीन असल्या नोटा धड घेत नाही, बाहेर फेकतं, मग हातानेच मोजायचं. त्या मोजत होत्या, सत्तर, एकाहत्तर, आणि खिडकीतून एक पासबुक आत आलं, ताई जरा बॅलन्स सांगा की. झालं, आकडा गेला, गड्डी परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मोजताना आणखी कुणीतरी पेन मागितलं. तिसऱ्यांदा मात्र ते वाक्य आलंच, दिसत नाही का मोजतेय ते! जो माणूस बोलणी खाऊन गेला त्याने बिचाऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आधीच्या दोघांचं त्याच्यावर निघालं.

चहाच्या वेळी ताई स्वतःहून बोलल्या. दिवाळीच्या गर्दीत कॅश ४,५०० रुपयांनी शॉर्ट आली, पगारातून १,५०० चे तीन हप्ते कापून घेतले, तेव्हापासून प्रत्येक गड्डी तीनदा मोजते. आणि जाता जाता म्हणाल्या, आधी दोन खिडक्या होत्या ना, दुसऱ्या मॅडमची बदली झाल्यापासून पिग्मीही माझ्याकडेच. ही बदली दिवाळीच्या आधीची. करणारे कोण? तर आमचे साहेब, मुख्य शाखेला माणूस पाहिजे होता म्हणून पाठवून दिलं. तक्रारीच्या मुळाशी आपणच आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मी सांगितल्यावर पण त्यांना ते आवडलं नाही.

पण १७ मधल्या ६ नोंदी या वेळेत बसत नव्हत्या. नुसता ताण असता तर सकाळी ११ ला, खिडकीवर एकच माणूस असताना, त्या नीट बोलल्या असत्या. त्या ६ मधल्या चार एकाच विषयावरच्या, मुदतीआधी ठेव मोडणं. एक गृहस्थ आले, १ लाखाची १३ महिन्यांची ठेव, साडेआठ टक्क्यांची, पाच महिन्यांनी मोडायला. त्यांनी मनात हिशोब करून ठेवलेला, ३,५४२ रुपये व्याज येणार. ताईंनी सांगितलं २,२९२. का? तर "नियमात बसतं तेवढं दिलंय." परत विचारलं, "बोर्डावर लिहिलंय, वाचा." तिसऱ्यांदा विचारल्यावर, "मी काय खिशात घालते का?"

दुपारी निवांत असताना मी म्हटलं, ताई, मी ते गृहस्थ, मला समजवा. घाई नाही, गर्दी नाही, आकडेमोड त्यांनी दोन मिनिटात करून दिली, पण समजावून सांगायला लागल्या की दुसऱ्याच वाक्याला "म्हंजे नियमच आहे तसा" यावर अडकायच्या. तीनदा करून बघितलं. सगळं निवांत असूनसुद्धा जे जमत नाही ते माणसाला येतच नसतं, त्याला स्वभावाचं नाव देऊन रागावण्यात अर्थ नाही. ११ वर्षांत त्यांना व्याज काढायला शिकवलं, ते ग्राहकाला कसं सांगायचं हे कुणीच शिकवलं नाही आणि उत्तर संपलं की मग आवाज चढायचा.

म्हणून तीन दिवस रोज वीस मिनिटं बसलो. आधी हातात किती पडणार तो आकडा सांगायचा. मग कागदावर, तोंडी नाही, लिहून दाखवायचं की पैसे पाच महिनेच राहिले म्हणून १३ महिन्यांचा दर लागत नाही, पाच महिन्यांचा साडेसहा लागतो आणि मुदतीआधी मोडल्याचा एक टक्का कमी, म्हणून साडेपाच. आणि मग विचारायचं, पैसे किती लागतात आणि किती दिवसांसाठी? हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. त्या गृहस्थांना मुलाच्या फीसाठी ४० हजारच पाहिजे होते, तेही दोन महिन्यांसाठी. ठेव तारण कर्ज त्यांच्याकडे ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हंजे साडेदहाने, दोन महिन्यांचं व्याज झालं ७०० रुपये, आणि ठेव साडेआठ टक्क्यांनी चालूच राहते. मोडून १,२५० चं नुकसान करून घेण्यापेक्षा हे बरं की नाही? ताई म्हणाल्या, हे तर मला माहीत होतं. माहीत होतं हो, पण तोंडातून निघत नव्हतं.

साहेबांनाही काम दिलं. एजंटांचा भरणा चारनंतर, ग्राहकांची कॅश बंद झाल्यावर. बॅलन्स विचारणाऱ्यांना क्लार्ककडे पाठवायचं. एजंटाने नोटांचा तपशील लिहून सही करायची आणि त्याच्यासमोरच मोजणी, म्हंजे फरक आला तर तिथल्या तिथे. शॉर्टची वसुली पगारातून करायचा नियम बदला म्हणून मी बरंच सांगितलं, संचालक मंडळ तयार झालं नाही. आणि "नीट वागा" हे वाक्य बंद करायला लावलं, कारण ते ऐकून माणसाने उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं, केबिनमधल्या त्या दोन्ही बैठका त्यामुळेच वाया गेल्या होत्या.

महिन्याने परत अर्धा दिवस जाऊन बसले. पिग्मीच्या वेळेची गडबड गेली होती, ठेवीच्या प्रश्नाला ताई कागद पुढे ओढत होत्या, अक्षर पण छान काढतात. तक्रार एकही नव्हती आणि साहेब खूष.

पण राहिलेल्या दोन नोंदी तशाच होत्या. दोन्ही अंगठा देणाऱ्या बायकांच्या. सकाळची वेळ, गर्दी नाही, प्रश्न साधा, पैसे काढायचे आणि स्लिप भरून पाहिजे. पहिल्या वेळी ताई म्हणाल्या होत्या, "एवढं वय झालं, सही शिकायला काय झालं होतं?" आणि यावेळी, मी समोर बसलेली असताना, दुसऱ्या एका आजींना, "रोज रोज कोण भरणार तुमच्या स्लिपा." पाठोपाठ हायस्कूलचे एक सर आले तर, "या सर, बसा ना, मी करते." म्हंजे गोड बोलता येतं, वेळ आहे, जीवही थाऱ्यावर आहे, फक्त समोरचा कोण ते बघून भाषा बदलते. हा मात्र माज आणि याला ट्रेनिंग नाही की सहानुभूती नाही.

साहेब म्हणाले, जाऊ द्या हो मॅडम, एवढं सुधारलंय, आणि त्या आज्या कुठे तक्रार करतात. मी म्हटलं, म्हणूनच तर. आत्ता सोडलंत तर ताईंना कळेल की तक्रार न करणाऱ्याला काहीही बोललं तर चालतं.

तिघं बसलो. साहेबांनी वाक्य जसंच्या तसं वाचलं, तारीख आणि वेळेसकट. ताई म्हणाल्या, अहो गंमतीत म्हणते, त्यांना काय वाटत नाही. साहेब लगेच ढिले पडायला लागले, मी टेबलाखालून पाय लावला. मग त्यांनी ठरलेलं बोलून टाकलं, अंगठा देणाऱ्या ग्राहकाची स्लिप भरणं हे तुमचं काम आहे, त्यावर शेरा मारायचा नाही, सहा आठवडे मी स्वतः बघणार, परत घडलं तर मेमो आणि लेखी खुलासा. काढायचा विषय त्या दिवशी काढलाच नाही. ११ वर्षांच्या कायम माणसाला मेमो, खुलासा, चौकशी यातलं काही न करता घरी बसवलं तर प्रकरण लेबर कोर्टात जायला वेळ लागत नाही, हे साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात एक मेमो गेला. त्यानंतर शेरे थांबले. मनातून काय बदललं ते मला ठाऊक नाही आणि ते बघायला मला बोलावलंही नव्हतं. आता त्या स्लिप गुपचूप भरतात, एक शब्द जास्त नाही, आणि सरांना बसा म्हणायचं चालूच आहे.

मागच्या महिन्यात त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. पहिल्या वेळच्या त्या आजी आल्या होत्या. स्लिप त्यांनी क्लार्ककडून भरून घेतली, अंगठा पण तिथेच शाईत बुडवला, आणि मग खिडकीपाशी गेल्या.